हातात आलेले पैसे घरकर्जात भरावेत की गुंतवावेत?

कराड आणि परिसरातल्या आपल्या कुटुंबांकडे जास्तीचा पैसा येतो तो बहुतेक वेळा एकदम येतो. कुणाला वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता मिळतो, कुणाची भिशी लागते, आखातातला भाऊ किंवा मुलगा काही रक्कम पाठवतो, गावाकडची जमीन विकून हिस्सा मिळतो. मलकापूर, आगाशिवनगर, विद्यानगर या भागांत ज्यांनी गेल्या काही वर्षांत कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे, त्यांच्या घरात मग एकच चर्चा सुरू होते. हे पैसे बँकेत भरून कर्ज कमी करायचे, की कुठेतरी लावून वाढवायचे?

शाळेत पालकांशी बोलताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. उत्तर देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, "कर्ज डोक्यावर नको, सगळं भरून टाक." दुसरा म्हणतो, "अरे, शेअर बाजार बारा टक्के देतो, साडेआठ टक्क्यांचं कर्ज कशाला फेडतोस?" दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि दोघांचंही उत्तर अपुरं आहे. म्हणून एका उदाहरणाच्या आधारे हा हिशोब सावकाश मांडून पाहू.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे व्याज. घरासाठी व्याजाचं कर्ज घेणं कोणत्या परिस्थितीत जायज ठरतं, हा प्रश्न आलिमांना विचारायचा आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण ज्यांनी कर्ज घेतलंय त्यांच्यापैकी अनेकांच्या मनाला ते टोचतं, आणि ते व्याज घेत नाहीत म्हणून एफडीही करत नाहीत. त्यामुळे त्यांचा हिशोब वर्तमानपत्रातल्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळा होतो. तोही इथे पाहू.

हप्त्यातले किती पैसे कर्जात जातात?

समजा, एका कुटुंबाने २५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्के दराने घेतलं. पती बाजारपेठेत दुकान चालवतात, पत्नी शिक्षिका आहेत. त्यांचा महिन्याचा हप्ता येतो सुमारे २१,७०० रुपये. पाच वर्षं त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. म्हणजे बँकेत साधारण १३ लाख रुपये भरले.

आता कर्ज किती उरलं? अनेक जण मनात म्हणतात, १३ लाख भरले म्हणजे निम्मं तरी फिटलं असेल. प्रत्यक्षात २२ लाख ३ हजार रुपये बाकी आहेत. १३ लाखांतले जेमतेम ३ लाख मुद्दलात गेले आणि १० लाखांच्या वर व्याजात गेले.

यात बँकेने काही फसवलेलं नाही. व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं. एकसष्टाव्या महिन्यातसुद्धा या कुटुंबाच्या २१,७०० च्या हप्त्यातले सुमारे १५,६०० रुपये व्याजाचे आणि फक्त ६,१०० रुपये मुद्दलाचे असतात. पण हप्त्याव्यतिरिक्त आपण वेगळी रक्कम भरतो तेव्हा ती पूर्णच्या पूर्ण मुद्दलातून कमी होते. ज्यादा भरण्याची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

तीन लाख भरले तर काय होईल?

या कुटुंबाकडे आता थकबाकी आणि भिशी मिळून ५ लाख रुपये आले आहेत. त्यातले ३ लाख कर्जात भरायचे त्यांनी ठरवलं असं धरू. उरलेल्या दोन लाखांकडे पुढे येऊ.

तीन लाख भरताच मुद्दल १९ लाख ३ हजारांवर येतं. आता बँक विचारते, किंवा विचारायला हवं, की हप्ता कमी करायचा की मुदत? इथेच बहुतेक लोक घाईत सही करून मोकळे होतात. दोन्ही पर्यायांत किती फरक पडतो ते पाहा.

हप्ता कमी करून घेतला, तर तो २१,७०० वरून सुमारे १८,७५० होतो. महिन्याला जवळपास तीन हजारांची मोकळीक मिळते, पण कर्ज आणखी १५ वर्षं चालूच राहतं. या पर्यायात एकूण व्याज सुमारे २ लाख ३० हजारांनी वाचतं.

हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी केली, तर १८० ऐवजी साधारण १३८ हप्त्यांत कर्ज संपतं. म्हणजे साडेतीन वर्षं आधी. शेवटचे ४२ हप्ते भरावेच लागत नाहीत. ते सुमारे ९ लाख २० हजारांचे होतात. त्यासाठी आपण आज ३ लाख दिले, म्हणजे वाचलेलं व्याज झालं सुमारे ६ लाख २० हजार.

रक्कम तीच, बँकही तीच, फक्त अर्जातला एक शब्द बदलला तर फरक जवळपास चार लाखांचा पडतो. ज्यांच्या घरात हप्ता खरोखर जड जातोय, दुकान मंदीत आहे, त्यांनी हप्ता कमी करून घेणं योग्यच आहे. पण हप्ता सहज जात असेल तर मुदतच कमी करून घ्यावी.

मोठी रक्कम हातात नसली तरी हेच तत्त्व लागू होतं. याच कुटुंबाने एकदम ३ लाख न भरता आजपासून दर महिन्याला दोन हजार रुपये जास्त भरले, तर कर्ज सुमारे २८ महिने आधी संपतं आणि जवळपास ३ लाखांचं व्याज वाचतं.

मग गुंतवणुकीला किती टक्के मिळायला हवेत?

कर्जात भरलेला रुपया साडेआठ टक्के "कमावतो", असं समजायला हरकत नाही, कारण तो नसता भरला तर त्यावर साडेआठ टक्के व्याज द्यावं लागलं असतं. ही कमाई निश्चित असते, बाजार पडला म्हणून ती कमी होत नाही. आणि वाचलेल्या व्याजावर उत्पन्नकर लागत नाही.

म्हणून गुंतवणूक सुचवणाऱ्याला एवढंच विचारा की कर भरल्यानंतर आणि धोका लक्षात घेतल्यानंतर ती साडेआठ टक्क्यांच्या वर जाते का?

एफडीचं पाहा. साडेसहा टक्क्यांच्या एफडीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाच्या हातात सव्वापाच टक्क्यांच्या आसपास उरतात. साडेआठ टक्के देत असताना सव्वापाच टक्के घेण्यात नुकसानच आहे, मग व्याज घेणं तुम्हाला मान्य असो वा नसो.

आपल्यातले जे एफडी करत नाहीत, त्यांच्याकडे वेगळंच घडतं. पैसा कपाटात किंवा चालू खात्यात पडून राहतो. हलालच्या काळजीने आपण व्याज घेतलं नाही हे ठीक, पण दुसरीकडे त्याच काळात आपण व्याज देत असतो. तीन लाख रुपये वर्षभर पडून राहिले तर साडेआठ टक्क्यांनी २५,५०० रुपये व्याज जातं. ज्याला व्याज टाळायचं आहे, त्याच्यासाठी पडून असलेला पैसा हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

सोन्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप वाढले, म्हणून घरच्या बायका सोन्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं पूर्ण चूक नाही. पण दागिना घेताना सोन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी आणि वर मजुरी द्यावी लागते, आणि मोडताना मजुरी परत मिळत नाही. पुढच्या दहा वर्षांतही भाव असेच चढतील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

आता शेअर बाजार. शरियतचे निकष पाळणारे म्युच्युअल फंड आपल्याकडे आहेत. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड ही त्यांतली जुनी नावं. हे फंड बँका, मद्य, जुगार अशा धंद्यांत आणि जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांत पैसे लावत नाहीत. दीर्घ मुदतीत शेअर बाजाराने साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त दिल्याची उदाहरणं आहेत, हे खरं. पण ती वाट सरळ नसते. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च २०२० रोजी तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला. दोन महिन्यांत शंभराचे बासष्ट झाले. ज्यांना त्या वेळी पैशाची गरज पडली नाही, त्यांचं काही बिघडलं नाही, कारण त्याच वर्षअखेरीला बाजार पूर्वीच्या पातळीच्या वर गेला होता. ज्यांना लेकीच्या लग्नासाठी एप्रिलमध्येच पैसे काढावे लागले, त्यांना तो तोटा कायमचा सोसावा लागला.

शेअरच्या फंडात एका वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या पैशाच्या नफ्यावर, आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या भागाला, साडेबारा टक्के कर आहे. तो धरला तर साडेआठच्या कर्जाला मागे टाकायला फंडाने दरवर्षी सरासरी नऊ-साडेनऊ टक्के तरी द्यायला हवेत. दहा-पंधरा वर्षं हात लावायची गरज नसलेल्या पैशासाठी हे शक्य आहे. तीन-चार वर्षांत लागणाऱ्या पैशासाठी हा निव्वळ अंदाज आहे.

दोन टक्के जास्त देतो म्हणणाऱ्यापासून जपून

साडेआठच्या वर मिळवायचं म्हटलं की कुणीतरी जास्त देणारा सुचवतोच. इथे कराडकरांना लांबची उदाहरणं सांगायची गरज नाही. कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आणले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. पुरेसं भांडवल आणि कमाईची शक्यता उरलेली नाही, असं कारण दिलं गेलं. ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल, असंही तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं. पण मधली तीन वर्षं लोकांचे स्वतःचे पैसे अडकून होते. आपल्याला शिकण्यासारखं त्यातच आहे.

या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. ती एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून आहे. आणि हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्था जास्त दर देते तेव्हा त्या जास्तीच्या दरात हा धोका धरलेला असतो, हे समजून मगच निर्णय घ्या.

दुसरं उदाहरण बेंगळुरूचं. आय मॉनेटरी ॲडव्हायजरी, म्हणजे आयएमए, या कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांकडून पैसे घेतले. जून २०१९ मध्ये तिचा संस्थापक देश सोडून पळाला, पुढच्या महिन्यात परत आल्यावर त्याला अटक झाली. अशी योजना ओळखायची कशी? भागीदारीत नफा-तोटा दोन्ही वाटले जातात, म्हणून परतावा कधी कमी, कधी जास्त, कधी शून्य असतो. "हलाल" म्हणून दर महिन्याला ठरलेली, कधीही न चुकणारी रक्कम देणारा माणस दोनपैकी एक गोष्ट करतोय. एक तर ते व्याजच आहे, किंवा नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जातायत. दोन्ही बाबतीत लांब राहावं.

पैसे भरण्याआधी दर तपासा

अनेक कुटुंबांत कर्जात पैसे भरण्याआधी दुसरंच एक काम करायला हवं असतं. कर्जाचा दर काय चाललाय हे पाहायचं.

रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला, म्हणजे एकूण सव्वा टक्का कमी. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना बदलत्या दराची नवीन घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं सक्तीचं आहे, त्यामुळे त्या कर्जांचा दर आपोआप खाली येतो. पण कर्ज त्याआधीचं असेल, किंवा गृहवित्त कंपनीचं वा सहकारी बँकेचं असेल, तर कपात तुमच्यापर्यंत आपोआप पोहोचेलच असं नाही. शाखेत जाऊन विचारा, "माझा दर कशाला जोडलाय, आज किती आहे, आणि नव्या ग्राहकाला तुम्ही किती दराने देता?" यात एक टक्क्याचा फरक निघाला, तर २२ लाखांच्या बाकीवर वर्षाला सुमारे २२ हजार रुपये जास्त जातायत. थोडं शुल्क भरून दर बदलून मिळतो, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. दुसरीकडे नेताना मात्र प्रक्रिया शुल्क, वकील आणि मुद्रांकाचा खर्च धरूनच हिशोब करा.

दर कमी झाला की आपली तुलनाही बदलते. कर्ज साडेसात टक्क्यांवर आलं, तर गुंतवणुकीला आता साडेआठ नव्हे, साडेसात ओलांडायचे असतात. म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी केलेला हिशोब आज आपल्याला लागू होईलच असं नाही.

करसवलतीबद्दलही गैरसमज आहे. "व्याजावर सूट मिळते, म्हणून कर्ज ठेवावं" असं म्हणतात. स्वतः राहतो त्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट उत्पन्नकराच्या जुन्या पद्धतीतच मिळते. त्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर साडेआठचं कर्ज प्रत्यक्षात पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडतं, आणि गुंतवणुकीची बाजू थोडी जड होते. पण नवीन पद्धत घेतली असेल, तर राहत्या घराला ती वजावट नाही. तुमच्या कार्यालयाने कोणत्या पद्धतीने कर कापलाय ते आधी पाहा.

बाजूला ठेवलेले दोन लाख

आता त्या दोन लाखांकडे येऊ. व्याजातून लवकर सुटायचं म्हणून पूर्ण पाच लाख कर्जात का भरू नयेत? कारण कर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. बँक "तुम्ही आधीच खूप भरलंय" म्हणून एकही हप्ता माफ करत नाही. पुढच्याच महिन्याचा हप्ता पूर्ण द्यावा लागतो.

समजा, पाचही लाख भरले आणि चार महिन्यांनी अब्बांना दवाखान्यात ठेवावं लागलं. घरात रोकड नाही. मग वैयक्तिक कर्ज काढावं लागतं, ते घरकर्जापेक्षा बरंच महाग असतं, किंवा दागिने तारण ठेवावे लागतात. व्याजातून बाहेर पडायच्या घाईत आपण आणखी महाग व्याजात अडकतो. मनाला व्याज टोचणाऱ्या माणसाने तर ही काळजी जास्त घ्यायला हवी.

या कुटुंबाचा घरखर्च ३० हजार आणि हप्ता २१,७०० धरला, तर महिन्याला ५१,७०० लागतात. घरात एक पगार निश्चित आहे, म्हणून चार महिन्यांचे दोन लाखांच्या आसपास बाजूला ठेवले. दोघांचंही उत्पन्न दुकानावर अवलंबून असतं, तर सहा महिन्यांचे तीन लाख ठेवायला सांगितलं असतं. आणि आधीच एखादं सोनेतारण, पतसंस्थेचं किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज घरकर्जापेक्षा जास्त दराने चालू असेल, तर घरकर्जाच्या आधी ते संपवायचं.

हे दोन लाख पडून राहतात, त्यावर व्याज जातंच, ही अडचण ज्यांना वाटते त्यांच्यासाठी काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज असतं. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं माहितीचं नाव. त्या खात्यात ठेवलेली जास्तीची रक्कम असेपर्यंत तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर ती काढताही येते. आपल्याला व्याज मिळत नाही, फक्त द्यायचं व्याज कमी होतं. मात्र याचा दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असू शकतो, आणि पैसे काढायची सवय लागली तर सगळा फायदा जातो.

बँकेत जाताना

बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला आहे. कर्ज स्थिर दराचं असेल तर मात्र करारनाम्यातलं शुल्काचं कलम वाचा.

अर्ज लेखी द्या आणि त्यात स्पष्ट लिहा: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करावी." पोच घ्या. आठवड्याभरात परतफेडीचं नवीन वेळापत्रक मागा आणि दोन आकडे पाहा. मुद्दल बरोबर तीन लाखांनी खाली आलं का? शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का? कधी कधी ही रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून धरलेली निघते. तसं असेल तर मुद्दल खाली आलेलं दिसत नाही, आणि फायदा जवळपास काहीच होत नाही. लगेच दुरुस्त करून घ्या.

पुढे कर्ज पूर्ण फिटलं की बँकेने घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बेबाकी दाखला घ्या, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो कमी करून घ्या. हे राहून गेलं तर घर विकताना किंवा वारसांच्या नावे करताना अडतं.

आमच्या उदाहरणातलं कुटुंब

त्यांच्यासाठी आम्ही असं म्हणू. दोन लाख बाजूला, तीन लाख मुद्दलात, मुदत कमी. थकबाकीचा पुढचा हप्ता येईल तेव्हा दर पुन्हा तपासायचा. कर्ज साडेसातच्या आसपास आलं असेल, पाच वर्षांत मोठा खर्च दिसत नसेल, आणि बाजार पडल्यावर झोप उडणार नसेल, तर त्या रकमेचा काही भाग शरियतचे निकष पाळणाऱ्या फंडात दर महिन्याला थोडा थोडा लावता येईल.

शेवटची काही वर्षं उरलेल्यांनी "आता व्याज संपत आलंय, भरून काय फायदा?" असं म्हणू नये. एक लाख मुद्दल बाकी असेल, तर साडेआठ टक्क्यांनी त्यावर वर्षाला साडेआठ हजार व्याज दुसऱ्या वर्षीही जातं आणि सतराव्या वर्षीही. एकूण बचत कमी दिसते ती वर्षं कमी उरल्यामुळे, दर तोच असतो. घरात बसून या महिन्याचं कर्जाचं विवरणपत्र काढा, बाकी मुद्दल आणि दर हे दोन आकडे कागदावर लिहा, आणि मुलांनाही शेजारी बसवा. चक्रवाढ व्याजाची यापेक्षा चांगली शिकवणी वर्गात होत नाही.